तू पाठवलेल्या जाहिरातीबद्दल

बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच्या जाहिरातीचा तू काढलेला फोटो मोठा करून दोनदा वाचला. बेंगळुरूची नोकरी, फ्रेशर चालतील, आणि ठळक अक्षरात ‘सीटीसी ३.६० लाखांपर्यंत, व्हेरिएबल व शिफ्ट अलाउन्ससह’. तू लगेच बाराने भागून महिना तीस हजार धरलेस आणि आईला सांगूनही टाकलंस. उद्यमबागच्या फाउंड्रीत इतकी वर्षं पगारपत्रकं करतोय, म्हणून सांगतो, ते तीस हजार तुझ्या हातात येणार नाहीत.

सीटीसी म्हणजे तुझ्यावर कंपनीचा होणारा सगळा खर्च. तुझा पगार हा त्यातला एक भाग. जाहिरातीत फोड दिलेली नाही, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने मी ती अंदाजाने मांडली. व्हेरिएबल दहा टक्के धरलं, म्हणजे महिन्याला ३,०००. रात्रीमागे १५० रुपये आणि वीस रात्री धरल्या तर शिफ्ट अलाउन्सचेही ३,०००. राहिले २४,०००. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ बारा टक्क्यांनी १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७२० च्या आसपास आणि विम्याचा हप्ता समजा ३८०. हे तिन्ही सीटीसीत मोजतात, पण महिन्याच्या पगारात येत नाहीत. म्हणजे खरा पगार २१,१००. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला की खात्यावर १९,३००.

पीएफ बुडत नाही, तो तुझ्याच नावावर साठतो. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० मात्र पेन्शनच्या खात्यात जातात, हे ध्यानात ठेव. ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरल्याशिवाय ती मिळत नाही. तू दोन वर्षांत दुसरीकडे गेलीस तर जाहिरातीतले ते पैसे तुझे कधी नव्हतेच.

व्यवसाय कर या पगारावर लागणार नाही, कर्नाटकात दरमहा २५,००० च्या आत तो नाही. पुण्याला नोकरी लागली तर तिथला नियम लागेल. तिथे मुलींना २५,००० पर्यंत सूट आहे, मुलग्यांना मात्र ७,५०० च्या वर तो भरावा लागतो. घर कुठल्या राज्यात ते बघत नाहीत, कामाची जागा बघतात.

मला काळजी शिफ्ट अलाउन्सची वाटते. आमच्याकडे हा भत्ता मस्टरवरून निघतो. जितक्या रात्री हजेरी, तितक्याच रात्रींचे पैसे. दर महिन्याला एखादा पोरगा स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी येतो, ‘साहेब, या वेळी कमी का?’ मस्टर उघडून दाखवावं लागतं की तो चार दिवस गावी गेला होता आणि आठवडाभर दिवसपाळीत होता. पगारी रजा असली तरी रजेच्या रात्रीचा भत्ता नसतो. तुझं सुरुवातीचं ट्रेनिंग दिवसा असेल तर ते महिने १९,३०० वरच काढावे लागतील. पीजीचे आठ हजार तूच सांगितलेस. ते वजा करून बघ की, काय उरतं.

व्हेरिएबल दर महिन्याला येईल असं धरू नकोस. बहुतेक ठिकाणी ते तिमाहीला किंवा वर्षाअखेरीला देतात, तुझं रेटिंग आणि कंपनीचा नफा बघून. दहा टक्के हा बहुधा टार्गेट पूर्ण झाल्यावरचा आकडा असतो, हातात पाच येतील किंवा काहीच नाही. बऱ्याच ठिकाणी अटही असते की पैसे वाटण्याच्या दिवशी तुम्ही नोकरीत असलं पाहिजे. आदल्या महिन्यात राजीनामा दिला की गेले.

आणखी एक. आकड्याशेजारी छोटी चांदणी आहे, आणि तिचा खुलासा तळच्या ओळीत असणार. तुझ्या फोटोत नेमकी ती ओळ कापली गेलीय. ‘पर्यंत’ हा शब्दही विसरू नकोस, ३.६० ही वरची मर्यादा आहे, तुला देऊ केलेला आकडा नाही.

उद्या कॉलेजला गेलीस की तळासकट पुन्हा फोटो काढ. मग कंपनीच्या एचआरला मेल करून पगाराची महिनावार फोड लेखी माग. त्यात हे विचार: फिक्स्ड किती, व्हेरिएबल कधी आणि कशावर, पहिल्या वर्षी ते रुजू तारखेपासूनच्या महिन्यांपुरतंच धरतात का, भत्ता रात्रीमागे किती, ट्रेनिंगमध्ये मिळतो का, आणि रात्री ने-आण करायला गाडी आहे का. गाडी नसेल तर पैशांचं बाजूला ठेवून आपण वेगळं बोलू. फोड आली की मला पाठव, मी पगारपत्रकासारखी मांडून देतो.

तुझा,
बाबा