रविवारच्या कथावाचनाबद्दल

सदस्यहो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता धरमपेठेत, नेहमीच्याच जागी, गेट-टुगेदरमध्ये पुन्हा भेटलेल्या दोन वर्गमित्रांच्या प्रेमकथेचा मसुदा वाचायचा आहे. तो आधी वाचून या.

कथा सुरेख आहे, पण तिसऱ्याच पानावर नायक नायिकेजवळ प्रेमाची कबुली देतो. वाचकाला ते पटत नाही, कारण मधल्या भेटीच नाहीत. समजा, तिला तिखट सोसत नाही हे त्याला शाळेपासून ठाऊक आहे. सीताबर्डीत पोहे घेताना तो न विचारता म्हणतो, "हिच्या प्लेटमध्ये तर्री कमी टाका भाऊ." ती नुसती बघते. असं काहीतरी हवं.

• प्रत्येकाने अशा एका भेटीचा प्रसंग अर्ध्या पानात लिहून आणावा.
• त्यात 'प्रेम' हा शब्द नको.
• येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.