पाऊस वीसपट लहान होत नाही : प्रयोगशाळेतील काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या जर्नलमधील आभाराचे पान ठरीव मजकुराचे असते. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य यांची नावे आधीच छापलेली असतात आणि खाली चार विद्यार्थ्यांनी सह्या करायच्या असतात. त्या पानावर आपल्यासाठी जागा काढावी असे आम्ही म्हटले, तेव्हा आपण नको म्हणालात. म्हणून हे पत्र नाव न घालता, पण उघडपणे लिहीत आहे. पर्जन्यजल संकलनाचे आमचे मॉडेल सबमिशनच्या दिवशी जसे चालले, तसे ते आपल्यामुळेच चालले. ते नेमके कसे, हे आमच्या मागून येणाऱ्या गटांनाही कळावे, असे मला वाटते.

आम्ही पहिल्यांदा मॉडेल घेऊन हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेत आलो, तेव्हा ते दिसायला देखणे होते. दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद छपराचे घर 1:20 या प्रमाणात केले होते. म्हणजे छप्पर 50 सेंटिमीटर बाय 40 सेंटिमीटर, एका बाजूला उतार आणि त्याखाली पन्हळ. पन्हळीतून पाणी आधी फर्स्ट फ्लशच्या नळीत जाई. पहिल्या सरीत छपरावरची धूळ आणि पालापाचोळा घेऊन येणारे पाणी टाकीत जाऊ नये, एवढ्यासाठी ती नळी होती. ती भरली की पुढचे पाणी टाकीकडे वळे. खऱ्या घरासाठी आम्ही पहिल्या दोन मिलिमीटर पावसाचे पाणी वगळायचे ठरवले होते. 80 चौरस मीटर छपरावर ते 160 लिटर होते. टाकी 4,000 लिटरची धरली होती. घनफळ प्रमाणाच्या तिसऱ्या घाताने कमी होते, म्हणून आम्ही दोन्ही आकडे 8,000 ने भागले आणि नळी 20 मिलिलिटरची व टाकी अर्ध्या लिटरची केली. गणित चोख होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

पाऊस म्हणून आम्ही पंपावर चालणारा, भोके पाडलेल्या ट्रेचा शॉवर केला होता. तो सुरू केल्यावर पन्हळीतून पाणी येऊ लागताच नळी सात सेकंदांत भरली, टाकी जेमतेम तीन मिनिटांत वाहू लागली आणि छपरावर मुद्दाम पसरलेली विटेची भुकटी जवळजवळ सगळी टाकीत उतरली. आम्ही पंपाला दोष देत होतो. आपण हातातले काम बाजूला ठेवून एवढेच विचारलेत, “घर वीसपट लहान केलंत ते दिसलं. पाऊस किती पट लहान केलात?”

या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडायला मला ती संध्याकाळ लागली. आमचा शॉवर खऱ्या मिलिमीटरमध्ये पाऊस पाडत होता. छपराचे क्षेत्रफळ 400 पट लहान झाले होते, पण त्यावर साचणारी पाण्याची खोली मुळीच लहान झाली नव्हती. मग पाण्याचे आकारमानही 400 पटच लहान धरायला हवे होते. या हिशेबाने 160 लिटरच्या जागी 400 मिलिलिटर आणि 4,000 लिटरच्या जागी दहा लिटर येतात. आमची फर्स्ट फ्लशची नळी वीसपट अपुरी होती. ती भरायला पावसाचा दशांश मिलिमीटर पुरत होता.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने म्हटले की आपण पाऊसच वीसपट हलका करू, म्हणजे आमची नळी आणि टाकी तशीच ठेवता येईल. आपण वाद घातला नाहीत. कोरड्या छपरावर मोजून पाणी ओतायला लावलेत आणि नंतर तेच ओल्या छपरावर करायला लावलेत. अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर पाणी थेंबाथेंबांनी धरून राहते, आणि दोन वेळच्या मापांतील फरकावरून ते सुमारे 120 मिलिलिटर, म्हणजे छपराच्या 0.2 चौरस मीटर क्षेत्रावर 0.6 मिलिमीटर निघाले. वीसपट हलक्या पावसात दोन मिलिमीटरची जागा 0.1 मिलिमीटर घेतो. तेवढा पाऊस पत्रा नीट ओलाही करत नाही, मग पन्हळीपर्यंत काय पोहोचणार? पाण्याचा पृष्ठताण आपल्या प्रमाणाला जुमानत नाही, हे पुस्तकात वाचले होते, पण माझ्या मनाला पटले ते त्या 120 मिलिलिटरने. शेवटी आडवी मापे 1:20 आणि पाण्याची खोली 1:1 असे विकृत मॉडेल करायचे आम्ही ठरवले. नद्यांच्या मॉडेलमध्ये आडवे आणि उभे प्रमाण वेगवेगळे ठेवतातच, त्यामुळे यात लपवण्यासारखे काही नाही, फक्त ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचे, असे आपण बजावलेत. आम्ही ते पहिल्याच परिच्छेदात लिहिले.

यापुढचा प्रश्न पाऊस मोजण्याचा होता. पंपाच्या वेष्टनावर छापलेला प्रवाह आम्ही पावसाचा आकडा म्हणून लिहून टाकला होता. आपण सात सेंटिमीटर व्यासाचे नऊ सारखे पेले छपराच्या जागी तीन ओळींत मांडलेत आणि पाच मिनिटे शॉवर चालवलात. अशा पेल्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 3.85 मिलिलिटर. सरासरी 19 मिलिलिटर भरली, म्हणजे मिनिटाला साधारण एक मिलिमीटर, तासाला साठ. ही सर बऱ्यापैकी जोराची असली तरी अवास्तव नव्हे. पण पेल्यांतला फरक पाहून मीच ओशाळलो. एका कोपऱ्यात 34 मिलिलिटर होते आणि दुसऱ्या टोकाला नऊ. पाऊस सगळीकडे किती सारखा पडतो हे सांगणारा समानता गुणांक 54 टक्के आला.

कारण आपण बोटाने दाखवलेत. आमच्या ट्रेला खालून भोके पाडली होती, त्यामुळे भोकाची खालची कड सपाट राहिली होती. थेंब सुटण्याऐवजी ट्रेच्या बुडाला चिकटून सरकत आणि दोन-तीन एकत्र होऊन भलत्याच जागी पडत. आपण तापवलेली सुई वरून खाली घातलीत, तेव्हा प्रत्येक भोकाला खाली बारीकसा ओठ आला आणि थेंब तिथेच लोंबून तिथेच सुटू लागला. मग स्पिरिट लेव्हल ठेवून ट्रे समतल केलात आणि पाण्याची उंची एकसारखी राहावी म्हणून ट्रेच्या कडेला जादा पाणी सोडणारी खाच कापलीत. त्यानंतर सर्वांत कमी पेला 17 चा, सर्वांत जास्त 22 चा आणि गुणांक 93 टक्के. सरासरी मात्र तीच, 19. म्हणजे सुरुवातीला फक्त सरासरी पाहिली असती, तर दोष कधीच सापडला नसता.

वळचणीचा किस्सा थोडक्यात सांगतो. पागोळ्या पन्हळीत पडण्याऐवजी पत्र्याच्या खालच्या बाजूने मागे भिंतीकडे वाहत होत्या. आपण कडेला अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी खाली वाकवून चिकटवलीत आणि तो विषय दहा मिनिटांत संपला.

खरा वेळ गेला तो 400 मिलिलिटरच्या फर्स्ट फ्लशवर. चार सेंटिमीटर आतील व्यासाची नळी घेतली तर ती जवळजवळ 32 सेंटिमीटर उंच होते, आणि आमच्या घराची भिंत पंधरा सेंटिमीटरची. घराशेजारी घराच्या दुप्पट उंच खांब उभा करायचा का, यावर आमच्या गटात भांडण झाले. आपण म्हणालात, “दिसायला नळी ठेवा, मोजायला बरणी.” बारीक नळी वर राहिली आणि वीस सेंटिमीटर उंच, अरुंद बरणी फळीखाली गेली. पाऊस थांबल्यावर बरणी आपोआप रिकामी व्हावी म्हणून मी तिच्या बुडाला दोन मिलिमीटरचे भोक पाडले. मग शॉवर सुरू केला, तर बरणी अर्ध्याच्या थोडी वर भरली आणि तिथेच थबकली. दहा मिनिटे झाली तरी टाकीत थेंब नाही. छपरावरून मिनिटाला सुमारे 170 मिलिलिटर पाणी येत होते, तर पूर्ण भरलेल्या बरणीच्या त्या भोकातून मिनिटाला 220 मिलिलिटर बाहेर जाऊ शकत होते. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी जिथे बरोबरीत येई तिथे पातळी थांबे. भोकातून किती पाणी बाहेर पडते याचे सूत्र आम्ही आपल्याच प्रयोगशाळेत, ऑरिफिसच्या प्रयोगात, गेल्या सत्रात लिहून काढले होते.

आपण भोक बुजवायला सांगून सलाईनच्या कोऱ्या संचाची नळी रोलर क्लॅम्पसह आणून दिलीत. वीस थेंबांचा एक मिलिलिटर, आणि क्लॅम्प मिनिटाला चाळीस थेंबांवर बसवला. दहा मिनिटांच्या पावसात त्यातून जेमतेम वीस मिलिलिटर गळते आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत बरणी पुढच्या सरीसाठी रिकामी होते.

त्यानंतर आपण लावायला सांगितलेली पेल्यांची रांग मी विसरणार नाही. छपरावर दहा ग्रॅम विटेची भुकटी पसरली आणि दर मिनिटाचे पाणी वेगळ्या काचेच्या पेल्यात धरले. पहिला पेला कडक चहासारखा, दुसरा गढूळ तांबूस, तिसऱ्यात तळाशी पुसटशी लाली आणि चौथ्यापासून पेल्यामागची अक्षरे वाचता येत होती. दोन मिलिमीटरचा आमचा आकडा तिथे डोळ्यांना दिसला. लगेच आपण हेही सांगितलेत की सत्तर सेंटिमीटरवरून पडणाऱ्या थेंबाला खऱ्या पावसाच्या थेंबाचा वेग येत नाही, म्हणून हा आकडा खऱ्या छपराला लावू नका. ते वाक्य आम्ही मर्यादांच्या प्रकरणात जवळजवळ आपल्याच शब्दांत घातले आहे.

एक कबुलीही द्यायची आहे. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी वाहून येणाऱ्या पाण्याचा वाटा, 0.85 लिहिला होता आणि जमा झालेले पाणी त्यावरून उलटे काढले होते. आपण तो तक्ता पाहून विचारलेत, “हे पाणी मोजलंय की पुस्तकातून उतरवलंय?” नंतर खरोखर मोजले तेव्हा दहा मिनिटांत पडलेल्या 1.98 लिटरपैकी बरणी आणि टाकी मिळून कोरड्या छपरावरून 1.62 लिटर आले, ओल्यावरून 1.74. गुणांक 0.82 आणि 0.88. पुस्तकातला आकडा बरोबर मध्ये बसला, पण आता तक्त्यात दोन ओळी आहेत आणि त्या दोन का आहेत, हे मला सांगता येते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वाकून फळीखाली पाहिले आणि ही बरणी प्रमाणात का नाही, असे विचारले. आमच्यापैकी जी मुलगी वर्गात कधी बोलत नाही, तिने उत्तर दिले आणि ते पाऊस वीसपट लहान करण्याच्या प्रश्नापासूनच सुरू केले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न गाळणीवर विचारला. ती आमची सर्वांत कच्ची बाजू होती, कारण वाळूचे थर आम्ही केवळ दाखवण्यापुरते भरले होते. तिथे आमचे गुण गेले आणि ते जायलाच हवे होते.

मॉडेल विभागात ठेवून घेतले आहे. स्पिरिट लेव्हल आणि नऊ पेले धुऊन, पुसून आपल्या कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात परत ठेवले आहेत. क्लॅम्प मात्र बरणीलाच राहू दिला आहे.

आपला कृतज्ञ,
स्थापत्य अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी
(आमच्या चौघांच्या वतीने)