कोयनेचा विसर्ग ‘वाया’ नव्हे

‘धरण भरण्याआधीच कोयनेतून विसर्ग कशासाठी?’ हे वाचकपत्र वाचले. असे सोडलेले पाणी वाया जाते, हा आक्षेप पटला नाही. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. साठा ९५ वर असताना घाटमाथ्यावर पाऊस कोसळून १ लाख क्युसेक आवक झाली, तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी येते. उरलेली १० टीएमसी जागा सव्वा दिवसही पुरत नाही. मग येईल तेवढे पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. याउलट अतिवृष्टीचा अंदाज येताच तीन दिवस २५ हजार क्युसेक सोडले, तर साडेसहा टीएमसी जागा मोकळी होते आणि नदीचे पात्र तेवढे पाणी पोटात घेते.

अंदाज चुकतो, हे खरे. जुलैत चुकला तर तूट भरून निघायला उरलेला पावसाळा असतो. सप्टेंबरात तेवढी संधी उरत नाही, म्हणून तेव्हा हात आखडताच हवा. जलाशय परिचालन सूची पंधरवड्यागणिक पातळी ठरवते ती त्यासाठीच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आयर्विन पुलावरची पाणीपातळीची पट्टी तासातासाला पाहणाऱ्या आम्हा सांगलीकरांना जुलैतला विसर्ग वाया वाटत नाही.

– एक वाचक, सांगली