हप्ते मागितले होते, माफी नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फी थकबाकीमुळे महाविद्यालये अडचणीत आल्याची बातमी काल आपल्या अंकात वाचली. संस्थाचालकांची बाजू सविस्तर आली आहे. शासनाकडून शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, प्राध्यापकांचे पगार थांबत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण ऐपत असूनही पालक मुद्दाम फी अडवून ठेवतात, असं जे सरसकट छापलंय ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. आमच्यासारख्यांना एकदा विचारायचं तरी होतं.

माझा मुलगा खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण शुल्क १ लाख, विकास शुल्क १० हजार. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो, विकास शुल्क मात्र त्यात धरत नाहीत. म्हणजे आम्ही भरायचे ६० हजार. पहिली दोन वर्षं ही रक्कम आम्ही जुलैत एकरकमी भरली आहे. त्या पावत्या माझ्याकडे आहेत.

यंदा जूनमध्ये मिस्टरांच्या टेम्पोला अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, तीन महिने पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. टेम्पो गॅरेजमध्ये आणि त्याचा बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ७ तारखेला चालूच. मी घरून डबे देते, त्यावर घरातलं भागतं, ६० हजार उभे राहत नाहीत.

म्हणून १८ जुलैला मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. आमच्या शेजारी एक निवृत्त ग्रामसेवक राहतात. त्यांनी पहिला कागद वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, "वहिनी, यात नुसतं दुःख आहे. पैसे कधी येणार ते कुठं लिहिलंय?" मग पुन्हा बसून लिहिला. १५ हजार आज भरते, ते नणंदेने दिले आहेत. २० हजार दिवाळीनंतर, २० नोव्हेंबरपर्यंत, कारण फराळाच्या दीडशे किलोच्या ऑर्डरी दरवर्षी ठरलेल्या असतात. उरलेले २५ हजार १५ फेब्रुवारीपर्यंत, कारण माझ्या भिशीचा नंबर त्या महिन्याच्या ५ तारखेला आहे. सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, गॅरेजचं अंदाजपत्रक, मागच्या दोन वर्षांच्या पावत्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत जोडली. एक रुपयाही कमी करा म्हटलं नव्हतं.

अर्ज खिडकीत दिला तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागितला. क्लार्क म्हणाले, आमच्याकडे अशी पद्धत नाही, ठेवून जा. मी ठेवून आले, आणि तीच माझी चूक झाली. ऑगस्टमध्ये दोनदा विचारायला गेले तर असा अर्जच आलेला नाही म्हणून सांगितलं. १५ हजारांची पावती मात्र त्यांनीच त्याच दिवशी फाडलेली होती.

तिसऱ्या खेपेला मला खिडकीवरून शेजारच्या टेबलाकडे पाठवलं. "हप्ते हवेत ना, तिथे होतात." तिथे एका फायनान्स कंपनीचा मुलगा बसला होता. उरलेल्या ४५ हजारांचे दहा हप्ते, महिना साडेचार हजार, व्याज शून्य. ऐकायला बरं वाटलं. नशीब, सही करण्याआधी कागद घरी आणला. दोन टक्के प्रोसेसिंग फी, म्हणजे ९०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १६२, असे १,०६२ रुपये आधीच द्यायचे. पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात, म्हणजे नेमका घरात पैसा नसतानाच. कॉलेजला सगळी रक्कम लगेच मिळणार आणि कर्ज माझ्या नावावर बसणार. एखादा हप्ता चुकला तर दंड लागणार आणि सिबिल बिघडणार. मग टेम्पोचं कर्ज पुन्हा बांधून घ्यायची वेळ आली तर बँक दारात उभं करील का? कॉलेजने दिलेली मुदत वेगळी आणि कर्ज वेगळं. खिडकीवर दोन्हीला हप्तेच म्हणतात, आणि गोंधळलेला पालक सही करून मोकळा होतो. माझ्यादेखत त्या दिवशी दोघांनी केली.

मी सही केली नाही. त्यानंतर सप्टेंबरमध्ये वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी आली. ६४ मुलांच्या ग्रुपवर नऊ नावं, समोर रकमा. माझ्या मुलाचं नाव चौथं. त्याने मला सांगितलं नाही. डबा न खाता परत आणायला लागला तेव्हा मी खोदून विचारलं. दुपारच्या सुट्टीत कँटीनकडे जायचंच त्याने सोडलं होतं. संपादक महोदय, फी भरायची जबाबदारी माझी आहे. अर्ज माझा, सही माझी, मोबाइल नंबरही अर्जावर माझाच. मग यादीत नाव त्याचं का? मला फोन करता आला नसता का?

ऑक्टोबरमध्ये परीक्षेचा फॉर्म अडवला तेव्हा मात्र मी खिडकीवर गेले नाही. अर्जाची नवी प्रत रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, प्राचार्यांच्या नावाने पाठवली आणि चौथ्या दिवशी थेट त्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. त्यांनी अर्ज वाचला. खोटं कशाला बोलू, माणूस चांगला निघाला. माझा पहिला अर्ज त्यांच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. पाच मिनिटांत अर्जाच्या कोपऱ्यात तारखा लिहून त्यांनी सही केली. फॉर्म त्याच दिवशी घेतला गेला. जी गोष्ट पाच मिनिटांची होती तिला तीन महिने लागले.

व्यावसायिक महाविद्यालयांची फी किती असावी हे ठरवायला २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. पण ती किती भागांत घ्यायची हे आमच्या बाबतीत खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर राहिलं. माझी मागणी मोठी नाही. हप्त्यांचा अर्ज आवक क्रमांक देऊन घ्यावा, पंधरा दिवसांत होय किंवा नाही ते लेखी कळवावं, आणि तारखा मंजूर झाल्या की त्या पाळेपर्यंत मुलाचं नाव कुठल्याही यादीत टाकू नये. नकार आला तरी चालेल, निदान दुसरीकडे धावाधाव करायला वेळ तरी मिळेल.

आणि जाता जाता, त्या थकबाकीच्या यादीत माझ्या मुलापुढे कॉलेज बसचे १४ हजारही धरले होते. तो पहिल्या वर्षापासून एसटीच्या पासवर जातो, बसमध्ये एक दिवस बसलेला नाही. ते पैसे काढायला वेगळा अर्ज करावा लागला, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

नोव्हेंबरचे २० हजार मी १७ तारखेलाच भरले. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. उरलेले २५ हजार भिशी लागली की दुसऱ्या दिवशी भरणार आहे. थकबाकीवर पुन्हा बातमी कराल तेव्हा अशा पावत्याही बघाव्यात, ही विनंती.

आपली,
एक पालक, सांगली जिल्हा
(नाव, पत्ता आपल्याकडे दिला आहे. मुलासाठी तो छापू नये.)