पंख्याची मान कुठे अडली ते आधी शोध

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. काकूंच्या खोलीतला टेबल फॅन वारा छान देतो, पण मान फिरवत नाही. त्याआधी दोन-तीन दिवस मागून टकटक असा आवाज येत होता, मग तोही थांबला. आणि आता अख्खा गिअरबॉक्स बदलायचं तुझ्या मनात आहे. मित्रा, दोन दिवस थांब. माझ्या पंख्याचं हेच झालं होतं. मी घाईघाईने गिअर बदलला आणि नवा गिअर पंधरा दिवसांत पुन्हा गेला. ती चूक तुझ्या हातून होऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

पंख्याची मान फिरवायला वेगळी मोटर नसते. मोटरचा जो शाफ्ट पुढे पाती फिरवतो, त्याच्याच मागच्या टोकावर स्क्रूसारखे आटे असतात. हे आटे गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या गिअरला ढकलतात. शाफ्टचा एक फेरा झाला की गिअर एक दात पुढे सरकतो. माझ्या पंख्यात या गिअरला 40 दात आहेत. तो ज्या उभ्या दांडीवर बसतो तिच्या वरच्या टोकाला आपली ओढायची-दाबायची घुंडी आणि खालच्या टोकाला 8 दातांचं बारकं चक्र. ते चक्र 48 दातांच्या मोठ्या गिअरला फिरवतं, आणि त्या गिअरच्या बाहेर आलेल्या टोकावर एक छोटी क्रँक, म्हणजे गोल फिरणारी आडवी भुजा असते. क्रँकला पट्टी जोडलेली आणि पट्टीचं दुसरं टोक पंख्याच्या मानेला. म्हणजे पात्यांचे 40 फेरे झाले की घुंडीचा एक फेरा, आणि घुंडीचे सहा झाले की मान एकदा जाऊन परत येते. मोटर मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर मान मिनिटाला पाच वेळा फिरते.

हे मुद्दाम आकड्यांत सांगितलं, कारण खोड कुठे आहे ते यावरूनच कळतं. आधी पिन सॉकेटमधून काढ, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मागचं झाकण काढ, घुंडी खाली दाब आणि समोरची जाळी काढून पाती बोटाने फिरवत राहा, पंखा चालताना फिरतो त्याच दिशेने. चाळीसएक फेरे होतात, कंटाळू नकोस. नजर घुंडीवर ठेव. बहुतेक पंख्यांत घुंडी दाबलेली असली की ती हळूहळू फिरताना दिसते.

घुंडी जागची हलली नाही तर दोष वर आहे. एक तर त्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेलेत, नाहीतर क्लच सुटलाय. क्लच म्हणजे गिअरच्या आतले दोन बारीक छर्रे. घुंडी दाबली की ते दांडीच्या खाचेत अडकतात, ओढली की सुटतात. मान कुठे अडली तर छर्रे खाचेतून उड्या मारतात आणि टकटक वाजतं. काकूंच्या पंख्याचा आवाज मला तसलाच वाटतो. घुंडी फिरतेय पण खालची क्रँक थांबलेली, असं दिसलं तर खालच्या गिअरचे दात किंवा तो क्रँकच्या दांडीवर पक्का धरणारी आडवी पिन तुटलेली असणार. आणि क्रँकही फिरतेय, फक्त मान हलत नाही, तर गिअरबॉक्स उघडूच नकोस. पट्टीचा स्क्रू पडलाय किंवा क्रँकवरची पिन झिजून सटकलीय, एवढंच काम.

माझी घुंडी हलत नव्हती. गिअरबॉक्स मोटरच्या मागे स्क्रूंनी बसवलेला असतो. तो काढून ताटलीत ठेवूनच उघड, कारण छर्रे हरभऱ्याहून लहान आणि स्प्रिंगच्या दाबाने उडतात. आत ग्रीस काळं आणि मेणासारखं घट्ट झालं होतं, त्यात गिअरचा पांढरा भुगा. गिअर पुसून उजेडात धरला. प्रत्येक दात मधोमध खाल्लेला, दोन्ही कडांना उंच, कंबर बारीक झाल्यासारखा. सगळे दात सारखेच खाल्ले गेले असतील तर ती झीज असते. दोन-चार दातच मोडलेले असतील तर धक्का बसलाय, बहुतेक घुंडी दाबलेली असताना कुणीतरी डोकं हाताने वळवलंय. तिथे मोटरचा जोर आणि हाताचा जोर समोरासमोर येतात आणि मऊ प्लास्टिक हार मानतं.

मी तेवढ्यावर समाधान मानलं. जुन्या गिअरचा नमुना नेला, दात, जाडी आणि भोक जुळवून नवा आणला, नवं ग्रीस भरलं. मान झकास फिरली. पंधरा दिवसांनी पुन्हा बंद.

दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा पहिल्यांदा पट्टी सोडवली आणि डोकं हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं. पट्टी नसताना ते एका बोटाने वळायला हवं. माझं दोन्ही हातांनी ढकलावं लागत होतं! ज्या खांबावर डोकं फिरतं त्या जागी धूळ आणि वाळलेलं तेल गच्च बसलं होतं. तो सगळा भार त्या 40 दातांवर पडत होता. नवा गिअर काय किंवा नवा गिअरबॉक्स काय, तिथे टिकणारच नव्हता. खांबाचा स्क्रू सोडून डोकं वर उचललं (वायर ताणू नकोस, ती मानेतूनच जाते), दोन्ही बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसल्या, ग्रीसचा पातळ हात दिला. मग शाफ्टचे आटेही नखाने तपासले. तिथे कड धारदार झाली असती तर तिने नवा गिअर कापला असता. माझे गुळगुळीत होते.

ग्रीसबद्दल एक सांगतो. शिलाई मशीनचं तेल घालू नकोस. ते पातळ असतं, दातांवर थांबत नाही, पसरत मोटरच्या गुंडाळीकडे जातं. घट्ट ग्रीस दातांच्या फटीत भरेल एवढंच पुरे, गिअरबॉक्स ठासून भरायचा नाही.

जोडताना पट्टी शेवटी लाव. आधी पाती हाताने फिरवून घुंडी आणि मग क्रँक फिरतेय याची खात्री कर. क्रँकला दोन-तीन भोकं असतील तर पट्टी कोणत्या भोकात होती ते काढतानाच खडूने खूण करून ठेव. बाहेरच्या भोकात लावलीस तर मान जास्त वळेल आणि भारही वाढेल.

माझा पंखा आता सगळा उन्हाळा फिरतोय. दुसऱ्यांदा मी दोन गिअर आणले होते, एक बसवला आणि एक कपाटात पडून आहे. घुंडी फिरत नसेल तर तुझ्या गिअरचे दात मोज, भोकाचा आणि बाहेरचा व्यास फूटपट्टीने घे आणि दात उजवीकडे झुकलेत की डावीकडे तेही लिही. जुळला तर लगेच पाठवतो.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र