कॉफी जळकी का लागते

दाभोळ

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर चिडलीस. कॉफी जळकी लागते, जिभेवर धातूची चव राहते, ते मोका पॉट, खाली पाणी, मध्ये पूड आणि वर नळीतून कॉफी चढते ते भांडं, टाकून देते म्हणालीस. टाकू नकोस गो. जिनोआच्या बंदरात घेतलेलं आहे ते.

आधी धातूच्या चवीचं. ॲल्युमिनियम आहे आणि आपल्या दमट हवेत इतकी वर्षं कपाटात बंद होतं. आत पांढरट थर दिसेल. नुसत्या पाण्यावर एकदा चालव, मग दोनदा कॉफी करून ओतून दे. पुढे साबण नको, काथ्या नको. गरम पाण्याने विसळ, पुसून कोरडं कर आणि भाग सुटे ठेव.

आता जळकेपणाचं. तू नळाचं गार पाणी घालतेस ना? ते तापेपर्यंत वरची पूड कोरडीच भाजत बसते. म्हणून पाणी आधी वेगळं उकळ आणि खालच्या भांड्यात वॉल्व्हच्या जरा खाली येईल इतकं घाल. वॉल्व्ह बुडवायचा नाही. फार कमीही नको, पूड तेवढीच राहिली तर कॉफी उग्र होते. पूड रव्यापेक्षा बारीक, पण पिठासारखी नको. चाळणी काठोकाठ भर, दाबू मात्र नकोस. दाबलीस तर पाणी अडतं आणि वाफेचा जोर वाढतो. खालचं भांडं फडक्यात धरून वरचं त्यावर घट्ट फिरवून बसव, तळ पोळतो.

छोटा बर्नर, आच मंद. ज्योत तळाबाहेर आली तर दांडा वितळेल. झाकण उघडं ठेव. आणि तिथून हलू नकोस! रात्रपाळीहून आल्यावर भांडं चढवून बिछान्यावर टेकायचं नाही. डोळा कधी लागतो ते कळत नाही.

जहाजावर गॅलीत आमचा इटालियन कुक त्या नळीकडे टक लावून उभा असायचा. बाहेर लाटा, भांडं सरकतंय, आणि हा एका हाताने ते धरून. आधी काळपट, दाट धार येते, मग ती मधासारखी होते. फिकट पडून फुरफुरायला लागली की त्याच क्षणी गॅस बंद. तेव्हा खाली पाणी संपत आलेलं असतं आणि वाफच पुडीतून घुसते, सगळा कडवटपणा तिथून येतो. तळ लगेच नळाखाली धर, म्हणजे चढणं थांबेल. उकळतं पाणी घातलंस तर सगळा खेळ चार-पाच मिनिटांचा, तेवढा वेळ उभं राहायला काय हरकत आहे?

भाषण झालं, माहीत आहे. रागावू नकोस. एकटी राहून सगळं निभावतेस, कौतुक वाटतं, पण गॅसचं मनातून जात नाही. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करतेस ना?

रबराची रिंग कडक झाली असेल तर बाजूने वाफ सुटेल. तसं दिसलं तर कळव, मी माप पाहून पाठवतो. आई विचारतेय, कॉफीआधी पोटात काही घालतेस की नाही.

तुझे बाबा