तिथीचा वाढदिवस: चि. सोहमला पत्र

पुणे, अधिक ज्येष्ठ पौर्णिमा, शके १९४८
३१ मे २०२६

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

तू नागपूरला आजोबांकडे सुखरूप पोचलास आणि पहिल्याच दिवशी त्यांचे पंचांग उघडून बसलास, हे ऐकून आनंद झाला. फोनवर तू तक्रार केलीस की यंदा पंचांगात तुझी तिथीच नाही. १९ मार्चच्या ओळीत अमावास्या आहे, २० मार्चच्या ओळीत द्वितीया आहे आणि प्रतिपदेला मध्ये कोठे जागाच दिलेली नाही. तरीही आपण १९ मार्चला गुढी उभारली आणि तुझे औक्षण केले, ते कशाच्या आधारावर, असा तुझा प्रश्न होता. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझा जन्म २३ मार्च २०१२ रोजी, शुक्रवारी सकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी झाला. तारखेचा वाढदिवस त्यामुळे कायमचा ठरला. तिथीचा मात्र पुढच्याच वर्षी ११ एप्रिलला आला, त्यानंतर ३१ मार्चला, मग २१ मार्चला आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा एकदम ८ एप्रिलला. लहानपणी तुला यात दोनदा गोडधोड मिळण्याचा लाभ एवढाच दिसत असे, आणि त्यात काही वावगे नव्हते. आता तू चौदा वर्षांचा आहेस, तेव्हा या उड्यांमागचा हिशेब तुला कळायला हरकत नाही.

तिथी म्हणजे वार नव्हे आणि दिवसही नव्हे. अमावास्येच्या शेवटी सूर्य आणि चंद्र आकाशात एका रेषेत असतात. तेथून चंद्र पुढे निघतो आणि सूर्यापासून बारा अंश दूर जाईपर्यंतचा जो काळ, ती शुद्ध प्रतिपदा. पुढच्या बारा अंशांची द्वितीया, आणि अशा तीस तिथ्या झाल्या की पुन्हा अमावास्या संपते. घड्याळाचा मोठा काटा लहान काट्याला गाठून पुढे जातो तसाच हा प्रकार आहे, फक्त येथला मोठा काटा एका वेगाने चालत नाही. चंद्र पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा भरभर सरकतो आणि दूर असतो तेव्हा रेंगाळतो, त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत संपते, तर एखादी जवळजवळ सत्तावीस तास चालते.

तुझ्या दोन प्रतिपदा शेजारी ठेवून पाहा. तुझ्या जन्माच्या वेळची अमावास्या २२ मार्चला रात्री आठच्या सुमारास संपली आणि प्रतिपदा दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत टिकली, म्हणजे ती सुमारे सव्वीस तासांची होती, कारण चंद्र तेव्हा पृथ्वीपासूनच्या आपल्या सर्वांत दूरच्या ठिकाणाकडे चालला होता. त्याच दिवशी रात्री अकराला जन्मला असतास, तर पाडव्याच्या दिवशी जन्मूनही तुझी जन्मतिथी द्वितीया ठरली असती. यंदा उलटे झाले. चंद्र जवळच्या ठिकाणाकडे येत होता, आणि प्रतिपदा १९ मार्चला सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास सुरू होऊन २० मार्चला पहाटे पाचच्या आतच, सुमारे बावीस तासांत, संपली.

पंचांगाचा नियम असा आहे की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, तीच त्या दिवसाच्या नावापुढे लिहायची. पुण्यात १९ मार्चला सूर्य पावणेसातच्या आतच उगवला, तेव्हा अमावास्येची काही मिनिटे शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी तो उगवला तोवर द्वितीया लागून गेली होती. तुझ्या प्रतिपदेला आपल्याकडचा एकही सूर्योदय मिळाला नाही, आणि अशा तिथीला क्षयतिथी म्हणतात. नाव जरा भीतिदायक असले, तरी तिथी नाहीशी होत नाही. ती त्या दिवसभर आकाशात होतीच, केवळ ओळीत बसली नाही. म्हणून प्रतिपदेचा क्षय असेल तर ती ज्या दिवशी लागते त्याच दिवशी पाडवा करतात, आणि आपणही तेच केले. गंमत अशी की सूर्य द्वारकेला आपल्यापेक्षा उशिरा, सातच्या सुमारास, उगवतो. तोवर तेथे प्रतिपदा लागलेली होती, म्हणजे तेथील सूर्योदयाप्रमाणे पाहिले तर तिचा क्षय झालाच नाही. पंचांगावर ते कोणत्या गावासाठी केले आहे हे छापलेले असते, ते याचसाठी. आजोबांच्या पंचांगावर तेवढे पाहून ठेव.

आता तारखांच्या उड्या. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत पुरे होतात, म्हणून तुझी तिथी दर वर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे येते. ती अशीच येत राहिली असती तर पाडवा काही वर्षांत थंडीत आणि मग पावसाळ्यात गेला असता. रमजान ईदचे तसेच होते, कारण त्या कालगणनेत अधिक महिना नाही. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि आपल्याकडे ईद ३१ मार्चला होती. पुढच्या वर्षी ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल आणि पाडवा मात्र ७ एप्रिलला. मधला फरक घडवणारा महिना सध्या चालू आहे. सूर्याने नव्या राशीत प्रवेश केला की संक्रांत होते, आणि ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक धरतात. या वेळी सूर्य १५ मे रोजी वृषभेत गेला आणि १७ मे रोजी महिना सुरू झाला. हा महिना १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत संपेल आणि सूर्य मिथुनेत जाईल तो त्याच दिवशी दुपारी. थोडक्या तासांनी संक्रांत हुकते आहे, आणि तेवढ्यावरून तुझी तिथी पुढच्या वर्षी १९ दिवस पुढे ढकलली जाणार आहे.

अशा एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात आणि चंद्र व सूर्य यांचे हिशेब जवळजवळ जुळतात. म्हणून २०३१ साली, तुला एकोणीस वर्षे पूर्ण होतील तेव्हा, तिथी आणि तारीख एखाद्या दिवसाच्या फरकाने एकत्र येतील. अकराव्या वर्षीही तुझा पाडवा २२ मार्चला, म्हणजे तारखेच्या आदल्या दिवशी, आला होता. आजीने तेव्हा एकाच पुरणपोळीत दोन्ही वाढदिवस उरकले म्हणून तू रुसला होतास.

पुढच्या वर्षी ७ एप्रिलला प्रतिपदा पहाटे सव्वापाच उलटल्यावर लागते, सूर्योदयाच्या सुमारे तासभर आधी, त्यामुळे तिच्या क्षयाचा प्रश्न येणार नाही. त्या आठवड्यात तुझी परीक्षा असण्याचा संभव आहे. तसे झाल्यास औक्षण शाळेत जाण्यापूर्वी सकाळीच करू आणि जेवणाचा बेत संध्याकाळी ठेवू.

आजी-आजोबांना नमस्कार सांग.

तुझी,
आई